उशिरा पोहोचलेल्या मालाबद्दलचे माफीपत्र : भाषांतरातील कोरडेपणा काढून आपुलकी कशी आणावी? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील अनेक कारखानदारांचा आणि व्यापाऱ्यांचा माल कोल्हापूर, सांगली आणि पुण्याकडे जातो. ग्राहक मराठी, मालकही पुष्कळदा मराठी. परंतु कार्यालयातले पत्र बहुधा इंग्रजीत आणि कधीकधी कन्नडमध्ये तयार होते आणि पाठवण्यापूर्वी कोणीतरी त्याचे मराठी करून देते. साधी पत्रे या रीतीने निभावून जातात, माफीचे पत्र मात्र निभावत नाही. माल उशिरा पोहोचल्यानंतर लिहिलेल्या अशाच एका पत्राच्या आधाराने पुढील प्रश्नांची उत्तरे दिली आहेत. पत्र नमुन्यादाखल रचलेले आहे; मात्र त्यातील प्रत्येक वाक्य ज्यांनी अशी पत्रे वाचली आहेत त्यांच्या ओळखीचे असेल.

भाषांतरात एकही चूक नाही, तरी पत्र कोरडे का वाटते?

मूळ इंग्रजी पत्र हेच मुळात साच्यातले असते आणि भाषांतर करणारा त्या साच्याला शोभेल असा मराठी साचा शोधतो. आपल्याकडे तयार मिळणारा औपचारिक मराठीचा साचा म्हणजे सरकारी परिपत्रकाची भाषा. सीमाभागात तर सरकारी कागद कन्नडमध्ये येत असल्याने औपचारिक मराठी अनेकांना जुन्या फायलींतल्या पत्रांवरून किंवा महाराष्ट्रातील परिपत्रकांवरूनच उचलावी लागते. मग ‘उपरोक्त विषयास अनुसरून’, ‘सदर’, ‘विहित मुदतीत’, ‘कळविण्यात येते’ हे शब्द आपोआप येतात आणि ज्या माणसाने आठ दिवस मालाची वाट पाहिली, त्याच्या हातात तहसीलदार कार्यालयाच्या नोटिशीसारखा कागद पडतो.

या भाषेत माणूस कोठेही दिसत नाही. कोणी उशीर केला, कोणाचे नुकसान झाले, माफी कोण मागत आहे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तिच्यात लपून राहतात. परिपत्रकासाठी ते योग्य आहे, कारण तेथे माणूस महत्त्वाचा नसून पद महत्त्वाचे असते. माफी मात्र पद मागत नाही.

असे पत्र प्रत्यक्षात कसे दिसते?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एक फाउंड्री कोल्हापूरकडील पंप तयार करणाऱ्या एका कारखान्याला बिडाचे केसिंग पुरवते, असे धरून चालू. २४० नग ६ तारखेला पोहोचायचे होते, ते १४ तारखेला रवाना झाले. अंतर सुमारे ११० किलोमीटरचे, हमरस्ता सरळ, गाडी काही तासांत पोहोचते; म्हणजे उशीर वाटेत झालेला नसून कारखान्यातच झाला आहे, हे ग्राहकालाही ठाऊक आहे. कार्यालयाने इंग्रजीत पत्र तयार केले आणि त्याचे मराठी असे झाले :

> महोदय,
>
> उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, आपल्या खरेदी आदेशानुसार दि. ६ रोजी देय असलेले २४० नग पंप केसिंग काही अपरिहार्य तांत्रिक कारणास्तव विहित मुदतीत पाठविणे शक्य झालेले नाही. सदर माल दि. १४ रोजी रवाना करण्यात आलेला आहे. यामुळे आपली काही गैरसोय झाली असल्यास त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. भविष्यात अशा प्रकारची पुनरावृत्ती होणार नाही याची खात्री बाळगावी. आपले सहकार्य अपेक्षित आहे.
>
> आपला विश्वासू

व्याकरणाच्या दृष्टीने या पत्रात काहीही चुकलेले नाही. तरीही ते वाचून ग्राहकाचा राग कमी होण्याऐवजी वाढण्याचीच शक्यता अधिक आहे. त्यातील सर्वांत घातक शब्द कोणता, असे मला विचारले, तर मी ‘असल्यास’कडे बोट दाखवेन. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

हे पत्र सुधारताना सुरुवात कोठून करावी? शब्द बदलून भागेल का?

शब्द बदलून भागत नाही. ‘दिलगीर आहोत’च्या जागी ‘मनःपूर्वक दिलगीर आहोत’ आणि ‘महोदय’च्या जागी ‘आदरणीय महोदय’ लिहिले, तरी पत्र तितकेच थंड राहते. उलट वजनदार विशेषणांमुळे त्याचा पोकळपणा अधिक जाणवतो. ग्राहकाचे नेमके काय नुकसान झाले हे आपल्याला कळले आहे, असे त्याला दिसले की पत्रात आपुलकी येते, आणि ही माहिती मूळ इंग्रजी पत्रात नसतेच. म्हणून लेखणी उचलण्यापूर्वी भाषांतर करणाऱ्याने मालकाला किंवा माल रवाना करणाऱ्या माणसाला गाठून चार गोष्टी विचारून घ्याव्यात. उशिरामुळे ग्राहकाकडे काय अडले? उशिराचे खरे कारण काय आणि त्यातले किती सांगायला मालकाची हरकत नाही? उशीर होणार हे आपल्याला कोणत्या दिवशी कळले आणि ग्राहकाला कोणत्या दिवशी कळवले? पुढचा माल कोणत्या तारखेचा आहे?

तिसरा प्रश्न विचारताना थोडा संकोच वाटतो, परंतु तोच सर्वांत अधिक उपयोगी पडतो. उशीर अनेकांना समजतो, कारण प्रत्येकाच्या धंद्यात तो होतो. गाडी आज येईल, उद्या येईल म्हणून वाट पाहत राहावे लागले आणि समोरून फोन आला नाही, हे मात्र मनात राहते. आपल्या उदाहरणात मालकाने सांगितले की, पहिल्या ओतकामातला माल खराब निघाल्याचे ४ तारखेलाच कळले होते, पण ग्राहकाला फोन ७ तारखेला, तोही त्याचाच आल्यावर, झाला. ही गोष्ट मूळ पत्रात नव्हती. ती पत्रात घालायची की नाही, हे मालकाने ठरवायचे आहे. भाषांतर करणाऱ्याने ती परस्पर घालू नये, पण विचारल्यावाचून राहूही नये.

‘उशीर झाला’ असे लिहावे की ‘उशीर केला’?

हा प्रश्न बारीक वाटला तरी पत्राचा स्वर बहुतांशी येथेच ठरतो. मराठीत एकच घटना तीन प्रकारांनी सांगता येते. ‘आम्हाला उशीर झाला’ म्हटले, तर उशीर ही आमच्यावर येऊन पडलेली गोष्ट ठरते आणि सहानुभूती आम्हालाच हवी आहे असा भास होतो. ‘आम्ही उशीर केला’ म्हटले, तर जाणूनबुजून केल्यासारखे वाटते. कोणताही मालक अशा वाक्याखाली सही करायला कचरेल आणि त्यात त्याचे चुकणार नाही. ‘आमच्याकडून उशीर झाला’ हे वाक्य मात्र हेतू न चिकटवता जबाबदारी घेते. माफीच्या पत्रात पहिल्या दोन ओळींत कोठेतरी हे ‘आमच्याकडून’ यायलाच हवे.

इंग्रजीतील कर्मणी रचना शब्दशः आणली की ‘पाठविण्यात आला’, ‘करण्यात आलेला आहे’ असे प्रयोग होतात आणि करणारा नाहीसा होतो. असे वाक्य दिसले की ‘कोणी?’ असा प्रश्न विचारून पाहावा आणि उत्तर वाक्यात लिहावे. ‘माल रवाना करण्यात आला’ऐवजी ‘आम्ही माल १४ तारखेला रवाना केला’ एवढा बदल पुरतो. प्रत्येक वाक्यात ‘आम्ही’ घालण्याची गरज नाही. एकदा ‘आम्ही’ आले की पुढच्या वाक्यांत करणारा कोण, हे मराठी वाचकाला संदर्भावरून कळते.

एक धोका सीमाभागात विशेष आहे. इंग्रजीप्रमाणेच कन्नडमध्येही ‘आम्ही’ आणि ‘आपण सगळे’ यांसाठी एकच शब्द चालतो. त्यामुळे इकडच्या कार्यालयात ‘आपल्याकडून उशीर झाला’ असे सहज लिहिले जाते. लिहिणाऱ्याच्या मनात ‘आमच्या कारखान्याकडून’ असा अर्थ असतो, पण पत्रात ‘आपण’ हे ग्राहकासाठी आदराने वापरलेले असल्याने त्याला ते ‘तुमच्याकडून उशीर झाला’ असे वाचायला मिळते. माफीच्या पत्रात ग्राहकावरच दोष गेल्यासारखे होणे, याहून वाईट काही घडू शकत नाही. पत्र पूर्ण झाल्यावर त्यातला प्रत्येक ‘आपण’, ‘आपला’, ‘आपल्याकडून’ शोधून तो कोणाचा, हे तपासावेच.

‘गैरसोय झाली असल्यास’ या शब्दांत नेमके काय बिघडते?

‘असल्यास’ हा शब्द नुकसानीलाच शंकेच्या घेऱ्यात टाकतो. ग्राहकाची जुळणीची लाइन थांबली, कामगार बसून राहिले, त्याने आपल्या विक्रेत्यांना दिलेली तारीख मोडली, आणि आपण म्हणतो की काही गैरसोय झाली असेल तर. इंग्रजीत ही सशर्त माफी इतकी रुळलेली आहे की वाचणारा तिच्यावरून पुढे सरकतो. मराठीत ती तशी रुळलेली नाही, त्यामुळे ती बोचते. शिवाय ‘गैरसोय’ हा शब्दही अशा प्रसंगी लहान पडतो. रस्ता दुरुस्तीच्या फलकावर तो शोभतो. थांबलेल्या कारखान्याला तो लावला, तर नुकसान कमी लेखल्यासारखे होते.

उपाय असा की, शर्त काढून टाकावी आणि ‘गैरसोय’च्या जागी प्रत्यक्ष जे घडले ते लिहावे : ‘या आठ दिवसांत तुमचे जुळणीचे काम अडून राहिले’. नुकसान नेमके ठाऊक नसेल आणि मालकालाही सांगता येत नसेल, तर अंदाजाने रंगवू नये. ‘तुमच्या कामाचे वेळापत्रक आमच्यामुळे बिघडले’ इतके खात्रीने म्हणता येते, कारण ठरलेल्या तारखेला माल न मिळणे म्हणजे तेच.

दिलगीर, क्षमस्व, खेद, माफी यांपैकी काय वापरावे?

‘क्षमस्व’ फलकावर ठीक, पत्रात नको. ‘खेद वाटतो’ हे दुसऱ्याच्या हातून घडलेल्या गोष्टीबद्दलही म्हणता येते, म्हणून त्यात जबाबदारी पातळ होते. ‘दिलगीर आहोत’ सभ्य आहे, पण छापील पत्रांत इतके वापरले गेले आहे की वाचणारा त्याच्यापाशी थांबत नाही. ‘माफी मागतो’ सरळ आहे आणि मालक स्वतः सही करणार असेल, तर हेच लिहावे. ते एकदाच लिहावे. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशी तीनदा माफी मागितली की समोरच्याला ‘जाऊ द्या हो’ असे म्हणण्याची जबाबदारी घ्यावी लागते आणि ती त्याच्यावर टाकणे बरोबर नाही.

उशिराचे कारण किती सांगावे?

जितके सांगितल्याने ग्राहकाला आपण काही लपवत नाही असे वाटेल तितके, आणि जेथून पुढे ते सबबीसारखे वाटू लागेल त्याच्या अलीकडे थांबावे. ‘काही अपरिहार्य तांत्रिक कारणास्तव’ या शब्दांतून काहीच कळत नाही, आणि पंपाचा कारखाना चालवणाऱ्या माणसाला फाउंड्रीतली अडचण समजत नाही असे गृहीत धरल्यासारखेही ते होते. आपल्या उदाहरणात खरे कारण असे की, साच्याच्या वाळूत ओल जास्त राहिली, तापलेला रस ओतल्यावर तिची वाफ झाली आणि केसिंगमध्ये छिद्रे पडली. असा माल मशिनिंगच्या वेळी उघडा पडतो, म्हणून तो बाजूला काढून पुन्हा ओतावा लागला. हे दोन वाक्यांत बसते. त्यापुढे वाळू कोठून आणली, पाऊस किती झाला, कोण कामगार रजेवर होता, हे लिहू लागलो की पत्राचा विषय ग्राहक न राहता आपण होतो.

क्रमही महत्त्वाचा आहे. कारण नेहमी माफीच्या नंतर यावे. इंग्रजी मसुद्यात ते पुष्कळदा आधी येते आणि भाषांतरात तसेच राहते. मग माफी येईपर्यंत वाचणाऱ्याने ‘सांगताहेत सबबी’ असे मनाशी ठरवलेले असते. भाषांतर करणाऱ्याने परिच्छेद खालीवर करायला संकोच करू नये, मात्र मालकाला तसे केल्याचे सांगावे.

या सगळ्यानंतर पत्र कसे होईल?

> श्री. … साहेब,
>
> सप्रेम नमस्कार.
>
> तुमच्या ऑर्डरचे २४० केसिंग ६ तारखेला तुमच्या कारखान्यात पोहोचायला हवे होते. आमच्याकडून उशीर झाला आणि माल १४ तारखेला निघाला. या दिवसांत तुमचे जुळणीचे काम अडून राहिले आणि विक्रेत्यांना दिलेली तारीख तुम्हाला पुढे ढकलावी लागली, याची मला जाणीव आहे. त्याबद्दल मी तुमची मनापासून माफी मागतो.
>
> पहिल्या ओतकामाच्या वेळी साच्याच्या वाळूत ओल राहिली आणि केसिंगमध्ये छिद्रे निघाली. तो माल तुम्हाला पाठवण्याजोगा नव्हता, म्हणून आम्ही तो पुन्हा ओतला. हे ४ तारखेलाच आमच्या लक्षात आले होते आणि त्याच दिवशी तुम्हाला फोन करायला हवा होता. तो केला नाही, ही आमची चूक आहे.
>
> पुढचे १६० नग २८ तारखेला पोहोचायचे आहेत. काम कोठवर आले आहे, ते मी २४ तारखेला स्वतः फोन करून सांगेन. तत्पूर्वी काही विचारायचे असेल, तर केव्हाही फोन करावा.
>
> आपला,

मूळ पत्रातील ‘भविष्यात पुनरावृत्ती होणार नाही याची खात्री बाळगावी’ हे वाक्य येथे गळले आहे. असे वचन कोणत्याही फाउंड्रीला देता येत नाही आणि ग्राहकालाही ते कळते. त्याच्या जागी २४ तारखेचा फोन आला आहे. हे वचन लहान आहे, पण ते पाळले गेले की नाही हे ग्राहकाला तपासून पाहता येते. ‘खात्री बाळगावी’ आणि ‘सहकार्य अपेक्षित आहे’ या दोन्ही शब्दप्रयोगांत माफी मागणाराच हुकूम सोडतो आहे असा सूर लागतो, म्हणून दुसरेही काढले आहे.

ग्राहकाला ‘आपण’ म्हणावे की ‘तुम्ही’?

रोजच्या फोनवर जे म्हटले जाते त्याच्या जवळपास राहावे. ज्यांच्याशी वर्षानुवर्षे ‘तुम्ही’ म्हणून बोलणे आहे, त्यांना एकाएकी ‘आपणांस’ लिहिले की संबंध बिघडल्याची घोषणा केल्यासारखे वाटते. नव्या किंवा वयाने बऱ्याच मोठ्या ग्राहकाला ‘आपण’ योग्य. पण मग ते शेवटपर्यंत ‘आपण’च राहावे आणि वर सांगितल्याप्रमाणे स्वतःसाठी कटाक्षाने ‘आम्ही’ वापरावे. दोन्हींची सरमिसळ झालेले पत्र दोघांनी मिळून लिहिल्यासारखे दिसते.

संबोधनातही तोच नियम लावावा. आपल्याकडे ‘साहेब’, ‘शेठ’, ‘अण्णा’, ‘काका’, ‘वहिनी’ ही संबोधने धंद्यात सर्रास चालतात. पत्रात ‘साहेब’ आणि बाईंसाठी ‘मॅडम’ किंवा ‘ताई’ सुरक्षित आहे. ‘अण्णा’ किंवा ‘काका’ हे दोन घरांचा घरोबा असेल आणि मालक स्वतः सही करत असेल, तरच लिहावे. तोच कागद त्यांच्या खरेदी विभागातील तिसरा माणूस वाचणार असेल, तर तेव्हाही टाळलेले बरे.

मूळ पत्र कन्नडमध्ये असेल, तर काय सांभाळावे?

कन्नड आणि मराठीत सामायिक शब्द पुष्कळ असल्याने भाषांतर सोपे वाटते आणि नेमका येथेच घात होतो. कन्नड औपचारिक पत्रात गैरसोयीबद्दल ‘विषाद’ व्यक्त करतात, तेथे तो शब्द साधा आहे. मराठीत विषाद म्हटले की खोल खिन्नता डोळ्यांपुढे येते. केसिंग उशिरा पोहोचल्याबद्दल विषाद व्यक्त केला, तर वाचणारा गोंधळेल. ‘तुमच्या सहकाराबद्दल धन्यवाद’ हेही असेच आलेले वाक्य. कन्नडमध्ये सहकार म्हणजे सहकार्य, मराठी वाचकाच्या मनात मात्र साखर कारखाना आणि पतसंस्था येतात. सर्वांत फसवा शब्द ‘अवघड’ आहे. कन्नडमध्ये त्याचा अर्थ अपघात, दुर्घटना. ‘अवघड झाल्यामुळे गाडी उशिरा आली’ असे लिहून गेले, तर ग्राहकाला वाटेल की केवळ काहीतरी कठीण वाटले म्हणून गाडी थांबवली. अपघात झाला होता हे त्याला कळणारच नाही.

बेळगावकडच्या बोलीतले शब्द पत्रात चालतील का? आणि गावाचे नाव कसे लिहावे?

‘माल भरालोय, सांजच्याला गाडी सुटते’ हे फोनवर गोड वाटते आणि कोल्हापूरकडच्या माणसाला परकेही वाटत नाही. सहीच्या पत्रात मात्र ते लिहू नये, कारण पत्र फायलीत राहते आणि पुढे कोणीही वाचते. पत्रातली आपुलकी बोलीतल्या क्रियापदांवर अवलंबून नाही. छोटी वाक्ये, साधी क्रियापदे आणि ‘तुमचे काम अडले’ यांसारखे रोजचे शब्द एवढ्याने ती येते. गावाचे नाव मराठी मजकुरात मराठी माणसे लिहितात तसे बेळगाव लिहावे; बिलावर आणि जीएसटीच्या नोंदीत जे नाव नोंदलेले असेल, तेथे त्यात बदल करू नये.

भाषांतर करणाऱ्याला किती मोकळीक आहे?

सुराची पूर्ण मोकळीक आहे, आश्वासनांची अजिबात नाही. तारखा, नग, दर, भरपाई, पुढच्या मालावरची सूट यांत मूळ पत्रात नसलेली एकही गोष्ट आपल्या मनाने घालता येत नाही. आपुलकीच्या भरात ‘तुमचे जे काही नुकसान झाले असेल ते आम्ही भरून देऊ’ असे वाक्य सहज उमटते. बोलण्यात ते सौजन्य असते, कागदावर ते कबुली ठरू शकते. वरच्या पत्रातील २४ तारखेचा फोन आणि ४ तारखेची कबुली या दोन्ही गोष्टी मालकाला विचारून, त्याने होकार दिल्यावरच आल्या आहेत.

भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम ५५ प्रमाणे, वेळ हाच कराराचा गाभा असताना ग्राहकाने उशिरा आलेला माल स्वीकारला, तर स्वीकारतानाच तशी सूचना दिल्याखेरीज त्याला त्या उशिराची भरपाई मागता येत नाही. म्हणून अशी सूचना आली आहे का, किंवा खरेदी आदेशात उशिरासाठी दंडाची अट आहे का, हे आधी विचारून घ्यावे. यांपैकी काहीही असेल, तर मराठी पत्र पाठवण्यापूर्वी वकिलाच्या नजरेखालून जाऊ द्यावे आणि दंडाची चर्चा स्वतंत्र पत्रात ठेवावी. एकाच पत्रात माफी आणि दंडाचा हिशेब आला की माफी ही घासाघीस वाटू लागते.

पत्र गरजेपेक्षा अधिक गोड झाले, हे कसे ओळखावे?

काही खुणा ठरलेल्या आहेत. ‘आपल्यासारख्या मोठ्या मनाच्या ग्राहकाने’ अशी स्तुती आली की समजावे, कारण तिच्या आडून माफ करण्याची सक्ती होते. ‘आपले नाते व्यवहारापलीकडचे आहे’ हे वाक्य ग्राहकाने म्हटले तर छान. उशीर करणाऱ्याने म्हटले, तर व्यवहार चुकला त्याकडे लक्ष देऊ नका असा त्याचा अर्थ होतो. स्वतःच्या त्रासाचे वर्णन, जसे की रात्रभर जागून माल ओतला, हे खरे असले तरी वगळावे. आणि माफीचा भाग कारणाच्या भागापेक्षा लांब झाला, तर बहुधा एकच गोष्ट दोनदा लिहिली गेलेली असते.

असे पत्र सर्वच ग्राहकांना चालते का?

नाही. सरकारी खात्याला, महामंडळाला किंवा जेथे पत्र नोंदवहीत चढवून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते अशा मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागाला वरचे पत्र गैरसोयीचे होईल. त्यांना विषय, संदर्भ क्रमांक आणि तारीख पहिल्या तीन ओळींत लागते. तेथे साचा तसाच ठेवावा, परंतु ‘असल्यास’ काढावे, ‘आमच्याकडून’ घालावे आणि पुढची तारीख लिहावी; एवढे बदल कोणत्याही साच्यात बसतात.

पत्र आधी पाठवावे की फोन आधी करावा?

फोन आधी, आणि तो मालकाने करावा. पत्र त्याच दिवशी, फोनवर जे बोलणे झाले त्याला धरून जावे. फोनवर ग्राहकाने एखादी अडचण बोलून दाखवली असेल, तर ती पत्रात आलीच पाहिजे, नाहीतर ऐकले नाही असे ठरते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे असल्यास पत्राचे छायाचित्र न पाठवता मजकूर लिहून पाठवावा आणि तो आणखी आखूड करावा. भाषांतर करणाऱ्याने पत्र हातावेगळे करण्यापूर्वी, त्या ग्राहकाशी नेहमी फोनवर बोलणाऱ्या माणसाला ते मोठ्याने वाचायला द्यावे. तो जेथे अडखळेल किंवा वाचताना शब्द आपोआप बदलेल, तेथे त्याने उच्चारलेला शब्द पत्रात घ्यावा आणि मग सहीसाठी पाठवावे.